गल्ल्याची खाच

आमच्या धर्मग्रामातील एक आजोबा गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका सकाळी मिस्सानंतर आमच्याकडे आले आणि त्यांनी आमच्याकडे दहा रुपयांचे एक नाणे मागितले. घरी नाणी होती, पण दहाचे एकही नव्हते, आणि त्यांना ते लगेच हवे होते. खरेदी करावयाची होती मातीच्या गल्ल्याची. "नाणे न नेता गल्ला घ्यायचा म्हणजे पाय न नेता चप्पल घ्यायची," असे ते म्हणाले. त्या दिवशी आम्हांला मोकळीक होती म्हणून आम्हीही त्यांच्याबरोबर कसबा पेठेतील कुंभारवाड्यात गेलो. सोबत त्यांचा आठ वर्षांचा नातू होता. त्याला फुटबॉल हवा होता, तोही शिवलेला, साडेनऊशे रुपयांचा.

आजोबा खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. त्यामुळे गल्ला निवडणे हे त्यांच्या लेखी एखाद्या यंत्राचा सुटा भाग तपासण्यासारखेच काम होते. पणत्या, बोळकी आणि किल्ल्यावरचे मावळे यांच्या राशीत गल्ले मांडले होते. त्यांनी एकेक गल्ला डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली. आव्यात नीट भाजलेला गल्ला खणखणीत वाजतो. कच्चा राहिलेला किंवा केसाएवढी चीर गेलेला भद्द आवाज काढतो. असे तीन त्यांनी बाजूला ठेवले. मग आमच्याकडून घेतलेले नाणे खाचेत घालून पाहू लागले. पहिल्या दोन गल्ल्यांत ते अडकले.

त्याचे कारण तेथील कुंभाराने समजावून सांगितले. गल्ला चाकावर इतर भांड्यांसारखाच उभा राहतो. मात्र शेवटी त्याचे तोंड आत घेत घेत पूर्ण मिटवून टाकतात. माती निम्मी वाळून कातड्याइतकी घट्ट झाली की पातळ पात्याने खाच कापतात. आधी कापली तर कडा दबतात आणि पूर्ण वाळल्यावर कापली तर टवके उडतात. खाच हवीच, कारण वाळताना आणि भाजताना आतल्या हवेला वाट लागते, नाहीतर भांडे तडकते. आता मातीचा स्वभाव असा की वाळून आणि भाजून ती साधारण दहावा हिस्सा आकसते. खाचही तितकीच आकसते. दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटर रुंद आहे. ओल्या मातीत 30 मिलिमीटरची खाच कापली तर भाजल्यावर ती नेमकी 27 वर येते आणि नाणे दाराशीच अडते. रुपयाच्या लहान नाण्यांची सवय असलेला हात 30 पर्यंतही जात नाही. तिसऱ्या गल्ल्याची खाच ऐसपैस होती. पन्नास रुपये देऊन आम्ही तो घेतला आणि नाणे आत टाकले. ते आमचे नाणे होते, पण या हिशेबात आम्ही ते धरलेले नाही. आजोबांनी दुसऱ्या दिवशी आमच्या हातात दुसरे आणून ठेवले.

ठरले असे, की दर रविवारी उपासनेनंतर आजोबा नातवाला दहाची दोन नाणी देतील आणि तो ती गल्ल्यात टाकील. गल्ला फुटेल 8 सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी. तोपर्यंत 43 रविवार होते. म्हणजे 86 नाणी, 860 रुपये. उरलेले नव्वद आजोबा घालणार होते. पैसे बँकेत किंवा पोस्टात का ठेवत नाही, असे आम्ही विचारले. बचतखात्यावर सध्या वर्षाला चार टक्के मिळतात असे धरले तर या थेंबाथेंबाने साठणाऱ्या रकमेवर दहा महिन्यांत चौदा-पंधरा रुपये व्याज झाले असते. आजोबांनी तोच हिशेब बोटांवर केला आणि म्हणाले, "पंधरा रुपयांत एवढी शिकवणी कोण देतो, फादर?"

येथे आमच्या मनात एक शंका आली. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आम्ही ती सेमिनरीतून घेऊन आलेलो आहोत. ज्या भांड्याला दारच नाही, त्यात पैसे अडकवून ठेवणारा मुलगा संयमी कसा म्हणावा? तुरुंगात बसलेल्या माणसाला आपण घरात रमणारा म्हणत नाही. सद्गुण हा इच्छेचा असतो, मडक्याचा नव्हे. संत थॉमस अक्विनस यांनी 'सुम्मा'मध्ये सहनशीलता आणि दूरवरच्या भल्याची वाट पाहणे यांत एक बारीक भेद केला आहे. दुसऱ्याला लॅटिनमध्ये लॉन्गॅनिमितास म्हणतात. आपल्याकडे 'दीर्घ धीर' म्हणता येईल. पहिलीत समोर आलेले दुःख सोसून चांगले न सोडणे असते. दुसरीत जे चांगले फार लांब आहे त्याच्याकडे मन लावून ठेवणे असते. गल्ला या दुसऱ्याची शाळा असावी, असे आम्हांला वाटले. पण शाळेला भिंती असल्या म्हणून विद्यार्थी शिकतोच असे नाही. शंका तशीच राहिली.

तिचे उत्तर फेब्रुवारीत एका वेगळ्याच वाटेने आले.

गल्ल्याला दार नाही हे मोठ्यांचे म्हणणे आहे. प्रत्येक मुलाला ठाऊक असते की खाच हेच दार होय. गल्ला उलटा धरावयाचा, खाचेत सपाट सुरी सरकवावयाची आणि हळूहळू हलवावयाचा. मग एखादे नाणे पात्यावर आडवे पडते आणि घसरत बाहेर येते. वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांनी हे केले आहे हे आम्ही विचारणार नाही. मात्र लोखंड भाजलेल्या मातीवर घासले की खुणा राहतात. खाचेच्या कडा आतून उजळ तांबड्या होतात आणि खाली लाल पूड सांडते. आजोबांना फळीवर ती पूड दिसली. त्यांनी गल्ला रद्दीवाल्याच्या तराजूत टाकून पाहिला. दहाच्या नाण्याचे वजन 7.71 ग्रॅम असते आणि रिकाम्या गल्ल्याचे वजन त्यांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. हिशेब सुमारे तेवीस ग्रॅमने कमी भरला. तीन नाणी गेली होती.

ते आमच्याकडे आले तेव्हा आम्ही जे सांगितले ते कोणत्याही धर्मगुरूने सांगितले असते. मुलाला जवळ घ्यावे, प्रेमाने विचारावे, त्याच्याकडून कबुली घ्यावी आणि क्षमा करावी. आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विचारायचे खरे. पण त्याला की त्याच्या बापाला?" आणि त्यांनी आम्हांला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी नातवाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात वाढदिवसाचे आणि पाहुण्यांनी दिलेले तीनशे रुपये साठले होते. मुलाचे वडील रिक्षा चालवतात. एकदा टायर फुटला आणि हातात पैसे नव्हते. "संध्याकाळी परत ठेवतो," असे म्हणून त्यांनी डबा रिकामा केला. ती संध्याकाळ अजून आली नव्हती. कोणाच्या मनात खोट नव्हती. मुलाने दोनदा विचारले, मग विचारणे सोडले, आणि घरात सर्वांना वाटले की पोर विसरले.

मुले विसरत नाहीत. याविषयी आम्ही पुढे वाचलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांपुढे एक मिठाई ठेवली आणि मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन, असे सांगून ते निघून गेले. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात अधिक यशस्वी ठरली असे त्यातून निघाले आणि अनेक वर्षे पालकांना तेच ऐकवले गेले. पण 2018 मध्ये कितीतरी अधिक मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासले गेले, तेव्हा तो संबंध बराच क्षीण निघाला. घरची परिस्थिती हिशेबात घेतली की उरलासुरला बहुतेक संपत होता. त्याआधी, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉचेस्टर विद्यापीठातील प्रयोगात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे दोन गट केले. मिठाई पुढे ठेवण्याआधी एका गटाला चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे वचन मोठ्या माणसाने दिले आणि पाळले. दुसऱ्या गटाला तेच वचन दिले, पण तो माणूस परत येऊन म्हणाला, क्षमा करा, साहित्य नाहीच. त्यानंतर मिठाईची परीक्षा घेतली. पहिल्या गटातील मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, दुसऱ्यातील जेमतेम तीन. दोन्हीकडची मुले सारखीच होती. फरक होता त्यांना आधी भेटलेल्या मोठ्या माणसाच्या शब्दात.

हे वाचल्यावर आमची सेमिनरीतील शंका आम्हांस जरा बाळबोध वाटू लागली. आम्ही मुलाची इच्छा एकीकडे आणि मडके दुसरीकडे असे मांडले होते. मधल्या मोठ्या माणसांना आम्ही हिशेबातच घेतले नव्हते. ज्याचा डबा एकदा रिकामा झाला आहे, त्याने हाती लागेल तेवढे आजच काढून घेणे हा उतावळेपणा म्हणावा की अनुभवाने आलेले शहाणपण? चोरी ती चोरीच, हे आम्ही नाकारत नाही. पण अशा मुलाला 'धीर धर' म्हणणे म्हणजे ऋणकोने धनकोला संयमाचा उपदेश करणे होय.

आजोबांनी नातवाला काहीच विचारले नाही. मुलाला, म्हणजे नातवाच्या वडिलांना, मात्र रविवारी जेवणानंतर सर्वांसमक्ष सांगितले, "तुझे तीनशे द्यायचे राहिलेत." वडील आधी हसले, मग लाजले. शंभराच्या तीन नोटा लांब घड्या घालून त्यांनी स्वतः गल्ल्याच्या खाचेतून आत सरकवल्या. नातू पाहत होता. त्या दिवसानंतर फळीवर लाल पूड पडली नाही.

जुलैत खरी परीक्षा आली. आजीला ताप भरला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, औषधे आली. महिनाअखेर होती आणि पावसामुळे रिक्षाचा धंदा बसला होता. एक तारखेपर्यंत तीनशे रुपये कमी पडत होते. गल्ला फोडावा का, हा प्रश्न घेऊन आजोबा पुन्हा आमच्या ओसरीवर बसले. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, फोडा. आजीचे औषध आणि पोराचा चेंडू यांत तुलना ती काय! कोठारे वाढवणाऱ्या मूर्ख धनवंताचा दाखलाही आम्ही दिला. आठ वर्षांच्या मुलाला धनवंत म्हणताना आम्हांला काही वाटले नाही, याचे आता नवल वाटते.

तेव्हा आजोबांनी 1972 ची आठवण काढली. ते मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील. दुष्काळाच्या त्या साली ते बारा वर्षांचे होते. वडील आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. घरी मिलोच्या तांबड्या भाकऱ्या आणि कामावर मिळणारी सुकडी. त्यांच्याजवळ एक गल्ला होता. त्यात पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची हलकी नाणी आणि कमळ असलेली वीस पैशांची पिवळी नाणी होती. एका संध्याकाळी वडील त्यांच्यापुढे बसले. घरात दाणा नाही, तुझ्या गल्ल्यातले पैसे लागतील, देशील का, असे त्यांनी विचारले. आणि दगड मुलाच्या हातात दिला. "मी फोडला, फादर. ते पैसे परत आले नाहीत, येणारही नव्हते. वडिलांनी तसे आधीच सांगितले होते. पण मला आजवर कधी वाटले नाही की माझे कोणी घेतले. मी घर चालवले असे वाटले." तोच डबा आणि तीच गरज, पण टायरच्या वेळी घेतले गेले आणि दुष्काळात मागितले गेले. आमच्या नीतिशास्त्राच्या वहीत गरजेच्या वेळी वस्तू सर्वांच्या होतात हे आम्ही लिहून घेतले होते. मागावे कसे, याविषयी त्या वहीत ओळ नव्हती.

शिवाय मातीच्या गल्ल्यात एक अडचण आहे, ती आमच्या ध्यानात आली नव्हती. तो अर्धा फोडता येत नाही. तीनशेसाठी फोडला तरी सगळाच फुटतो आणि आठ महिने मन लावलेली गोष्ट संपते. केनियात पास्कलीन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी आरोग्यासाठी बचत करणाऱ्या लोकांना खाच असलेल्या पत्र्याच्या पेट्या दिल्या होत्या. तो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पेटीची किल्ली दिली, काहींची किल्ली कार्यकर्त्याने स्वतःकडे ठेवली. वाटेल की किल्ली दुसऱ्याकडे असलेल्यांनी अधिक साठवले असेल. झाले उलटे. ज्यांच्या हाती किल्ली होती त्यांचा प्रतिबंधक औषधोपचारांवरील खर्च सुमारे दोन तृतीयांशाने वाढला. बंद पेटीचा तसा लाभ दिसला नाही. अडीनडीला पैसा हाती लागणार नाही असे वाटले की माणूस त्या पेटीत टाकावयासच कचरतो. पेटी असणे, तिला नाव असणे आणि मागणाऱ्या नातलगांना 'तो पैसा ठरलेला आहे' असे सांगता येणे, एवढेच बहुतेकांना पुरेसे होते.

आजोबांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी घरी जाऊन नातवाला समोर बसवले, आजीचे औषध, कमी पडणारी रक्कम आणि परत करण्याची तारीख त्याला सांगितली, आणि विचारले. मुलगा म्हणाला, उद्या सांगतो. रात्र गेली. सकाळी तो गल्ला घेऊन आला आणि म्हणाला, "द्यायचे आहेत, पण फोडायचा नाही." आजोबा उठले, स्वयंपाकघरातून सपाट पात्याची सुरी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. काही बोलले नाहीत. मुलाचे कान लाल झाले. मग त्यानेच गल्ला उलटा धरला आणि त्या सवयीच्या हाताने तीस नाणी एकामागून एक बाहेर काढली. वडिलांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात 15 ऑगस्टच्या चौकोनात तीनशे असे लिहिले. आणि चौदा तारखेलाच पुन्हा शंभराच्या तीन नोटा खाचेतून आत गेल्या.

8 सप्टेंबरला आम्हांला जेवावयास बोलावणे होते. भाताची नवी कणसे आशीर्वादित करून झाली होती आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरले होते. आजी बरी होऊन खुर्चीवर बसली होती. नातवाने गल्ला फोडला. खापऱ्या बाजूला करून त्याने नाण्यांचे दहा-दहांचे ढीग लावले. पाच ढीग झाले आणि वर तीन उरली. म्हणजे पाचशे तीस. नोटा सहाशेच्या. अकराशे तीस रुपये. चेंडूचे साडेनऊशे सुटले, आजोबांच्या नव्वदांची गरजच पडली नाही. सर्वांना आनंद झाला, पण मुलगा नाण्यांकडे पाहत बसून राहिला. मग त्याने कागद ओढून घेतला आणि हिशेब मांडला. शहाऐंशी वजा तीस.

"छप्पन्न पाहिजेत," तो म्हणाला. "तीन कमी आहेत. ती मी काढली होती, आजोबा. कुल्फीसाठी."

"ठाऊक आहे," आजोबा म्हणाले. "फेब्रुवारीत."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

आजोबांनी एक खापरी उचलली आणि खाचेच्या घासल्या गेलेल्या कडेवरून बोट फिरवले. "तू सांगशील म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले, आणि आम्हांला वाढावयास सुनेला हाक मारली.